पंच नसलेला खेळ मुलांना कसा समजावावा?

«मी परभणी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात क्रीडा संचालक आहे. यंदा आम्ही अल्टिमेट फ्रिस्बी सुरू केली. डिस्क फेकणे मुलांना लवकर जमले. पण या खेळात पंच नसतो, फाउल खेळाडूंनीच सांगायचा असतो, असे म्हटले की वर्गात हशा पिकतो. ‘सर, मग जो मोठ्याने ओरडेल तोच जिंकेल,’ असे मुले म्हणतात. मागच्या आठवड्यात एका झेलावरून पंधरा मिनिटे वाद झाला आणि मुली मैदानाबाहेर जाऊन बसल्या. मला वाटते, आधी मुलांमध्ये प्रामाणिकपणा रुजवावा, तोपर्यंत वर्षभर मीच शिट्टी घेऊन उभे राहावे आणि मग हळूहळू बाजूला व्हावे. हे योग्य होईल का?»
— एक क्रीडा संचालक

सर, नमस्कार.

शिट्टी हाती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे कारण सांगण्याआधी तुमच्या पत्रातील एका गृहीतकाकडे लक्ष वेधतो. मुले आधी प्रामाणिक झाली पाहिजेत आणि त्यानंतरच त्यांना हा खेळ खेळता येईल, असे तुम्ही धरून चालला आहात. खेळाच्या नियमांची रचना मात्र तशी नाही. वर्ल्ड फ्लाइंग डिस्क फेडरेशनच्या नियमपुस्तकात ‘स्पिरिट ऑफ द गेम’, म्हणजे खेळभावना, हा प्रस्तावनेतील उपदेश म्हणून येत नाही, तो पहिलाच नियम आहे. कोणताही खेळाडू जाणूनबुजून नियम मोडणार नाही, असा विश्वास त्यात ठेवलेला आहे आणि तो ठेवल्यामुळेच चुकून झालेल्या नियमभंगाला कडक शिक्षा दिलेली नाही. नियमभंग झाला नसता तर बहुधा जे घडले असते, तेथून खेळ पुन्हा सुरू करावा, एवढेच सांगितले आहे. शिक्षाच हलकी असल्यामुळे फाउल कबूल करण्याची किंमतही कमी राहते. फुटबॉलमध्ये पेनल्टी क्षेत्रातला फाउल मान्य करणे म्हणजे जवळजवळ गोल देणे असते आणि तेथे खेळाडूने स्वतःहून हात वर करावा, ही अपेक्षा खरोखरच जड आहे. अल्टिमेटमध्ये ती तितकी जड नाही. म्हणून मुलांना प्रामाणिकपणाचे महत्त्व सांगण्यात तास घालवू नका. वाद झाला तर डिस्कचे काय होते, ते त्यांना दाखवा. माझ्या अनुभवात हसणारी मुले तेथेच गंभीर होतात.

एक प्रसंग फळ्यावर काढा. लाल संघाकडे डिस्क आहे. ती हातात घेऊन धावता येत नाही, एक पाय रोवून ठेवून दहा सेकंदांच्या आत फेकावी लागते आणि समोर तीन मीटरच्या आत उभा असलेला निळा मार्कर ‘स्टॉलिंग एक, दोन, तीन’ अशी मोजणी करतो. मोजणी चारवर असताना लाल खेळाडूने लांब फेक केली. एंड झोनच्या, म्हणजे ज्यात झेल घेतला की गुण मिळतो त्या मैदानाच्या टोकाच्या पट्ट्याच्या, पंधरा मीटर अलीकडे एक लाल आणि एक निळा खेळाडू एकाच वेळी उडाले, निळ्या खेळाडूचा हात लाल खेळाडूच्या मनगटाला लागला आणि डिस्क खाली पडली. एरवी डिस्क जमिनीला लागली की ताबा निळ्या संघाकडे जातो. पण लाल खेळाडू म्हणाला, “फाउल.”

येथे थांबा आणि मुलांना विचारा, की आता काय व्हावे. वर्ग दोन बाजूंत विभागला जाईल, तो विभागू द्या. मग सांगा, की नियमांत येथून तीनच वाटा निघतात. निळा खेळाडू म्हणाला, “हो, माझा हात लागला,” तर जेथे फाउल झाला तेथेच लाल खेळाडूला डिस्क मिळते आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. निळा खेळाडू म्हणाला, “माझ्या मते मी आधी डिस्कला हात लावला, फाउल मला मान्य नाही,” आणि थोड्या बोलण्यानंतरही एकमत झाले नाही, तर डिस्क फेकणाऱ्याकडे परत जाते. फेक सुटली त्या क्षणी जो जेथे होता तो तेथे परत जातो आणि मोजणी चारच्या पुढची, म्हणजे पाचवरून सुरू होते. फेक आठवर असताना झाली असती तर मोजणी नऊवर न जाता सहावर आली असती, कारण अशा वादानंतर ती सहाच्या पुढून सुरू करता येत नाही. तिसरी वाट अशी, की लाल खेळाडूलाच बोलताना जाणवते, “नाही, हात लागायच्या आधीच डिस्क माझ्या बोटांतून निसटली होती.” तो आपला कॉल मागे घेतो आणि डिस्क निळ्या संघाची होते.

आता ओरडण्याचा मुद्दा याच प्रसंगावर लावून पाहा. लाल खेळाडू कितीही मोठ्याने ओरडला, तरी निळ्याने ‘मान्य नाही’ म्हटल्यावर त्याच्या पदरात फार तर ती फेक पुन्हा मिळते. त्याच्या आवाजाने झेल मिळत नाही. निळा कितीही ओरडला, तरी त्याला ताबा मिळत नाही. दोघांनी पंधरा मिनिटे घसा ताणला किंवा दहा सेकंदांत विषय संपवला, तरी डिस्क जायची तेथेच जाते. हे मुलांच्या लक्षात आले, की लांबलेला वाद त्यांना आपोआप वेळेचा अपव्यय वाटू लागतो. आणि ही रीत त्यांना वाटते तितकी परकीही नाही. आपल्याकडे मोंढ्याच्या मागे किंवा शाळेच्या मैदानावर जे गल्ली क्रिकेट चालते, त्यात पंच कोठे असतो? झेल टप्प्यानंतरचा की आधीचा, यावर एकमत झाले नाही, की शेवटी कोणीतरी “जाऊ दे, परत टाक” म्हणतो आणि खेळ पुढे जातो. फरक एवढाच, की गल्लीत बॅट ज्याची असते त्याचा शब्द थोडा जड ठरतो. अल्टिमेटमध्ये ‘परत टाक’ हा लिहिलेला नियम आहे आणि तो कर्णधाराला व नवख्या खेळाडूला सारखाच लागू होतो. तुमच्या मुलांनी लहानपणापासून पंचाविना खेळ खेळले आहेत, ही गोष्ट त्यांनाच आठवून द्या.

या व्यवस्थेत एक खरी उणीव आहे आणि ती मुलांपासून लपवू नका, कारण हुशार मुले ती पहिल्या आठवड्यातच शोधतात. वरच्या प्रसंगात निळ्या खेळाडूने खरोखर फाउल केला असेल आणि तरीही ‘मान्य नाही’ म्हटले असेल, तर त्याचा फायदाच होतो. लाल संघाला मिळू शकणारी पंधरा-वीस मीटरची आघाडी गेली आणि बचावाला नव्याने उभे राहायला वेळ मिळाला. एखादा खेळाडू प्रत्येक उंच झेलावर हात मारून प्रत्येक कॉल अमान्य करू लागला, तर त्या एका फेकीपुरता नियम त्याला रोखू शकत नाही. त्याला रोखायचे ते त्याच्याच संघाने. म्हणूनच सहकाऱ्याने चुकीचा किंवा अनावश्यक कॉल केला, किंवा त्याच्याकडून फाउल झाला, तर ते त्याला सांगणे हे नियमपुस्तकात चांगल्या स्पिरिटचे उदाहरण म्हणून दिले आहे. आपल्याकडे हे शिकवणे सर्वांत अवघड आहे, असे मला वाटते. आपल्या गड्याच्या विरुद्ध बोलणे म्हणजे फितुरी, ही समजूत कबड्डीच्या मैदानापासून गावकीपर्यंत घट्ट आहे. पण तुमच्या संघातला एक मुलगा जेव्हा पहिल्यांदा आपल्याच बचावपटूला “अरे, लागला तुझा हात, मी समोरून पाहिला” असे म्हणेल, तेव्हा खेळ कळल्याचे समजा. त्याआधी झालेली सगळी गोड भाषणे मला त्या वाक्यापुढे फिकी वाटतात.

एखादा खेळाडू व्यवस्थेचा गैरफायदा घेतो आहे, हे कसे ओळखावे? वादांची संख्या मोजू नका. नव्या संघांत वाद होतातच. त्याचे कॉल कोणत्या वेळी येतात ते पाहा. गुण बरोबरीत असतानाच त्याला फाउल दिसतात का, समोरच्याने कॉल केल्यावर लगेच पुढच्या फेकीवर तो बदल्याचा कॉल करतो का, आणि आपण केलेला कॉल त्याने कधी मागे घेतला आहे का, एवढे तीन प्रश्न पुरतात. बदल्यासाठी केलेला कॉल, मुद्दाम केलेला फाउल, धोकादायक खेळ, गुण मिळाल्यावर समोरच्याला हिणवणारा जल्लोष आणि समोरच्या संघातील खेळाडूला फसवून “इकडे दे” असे ओरडून डिस्क मागणे, या गोष्टी नियमपुस्तकात स्पिरिटचा उघड भंग म्हणून नोंदवल्या आहेत. शेवटची गोष्ट मुद्दाम सांगून ठेवा, कारण आपल्याकडच्या बऱ्याच मैदानी खेळांत तिला चतुराई समजले जाते आणि मुले ती निरागसपणे करतात.

मागच्या आठवड्यातला वाद पंधरा मिनिटे चालला, त्यामागे माझ्या अंदाजाने दोन कारणे असावीत. एक म्हणजे, दोन्ही संघांतले चौदाही जण बोलत असावेत. फाउल सांगण्याचा अधिकार ज्याच्यावर फाउल झाला त्यालाच असतो आणि चर्चा प्रामुख्याने त्या घटनेत गुंतलेल्या दोघांची असते. ज्याला ती घटना सर्वांत स्वच्छ दिसली असेल, त्याला त्या दोघांनी विचारले तर त्याने सांगावे. बाकीच्यांनी आपल्या जागी उभे राहावे. दुसरे कारण असे, की स्पर्श झाला म्हणजे फाउल झाला, असे मुलांना वाटत असावे. दोघे एकाच डिस्ककडे धावत असताना खांदा खांद्याला घासतो, पण त्यामुळे खेळाच्या परिणामात फरक पडत नसेल, तर तो फाउल ठरत नाही. कॉल करण्याइतका तो नियमभंग मोठा होता का, म्हणजे तो झाला नसता तर जे घडले ते वेगळे घडले असते का, हा प्रश्न खेळाडूने तोंड उघडण्याआधी स्वतःला विचारायचा असतो. कबड्डीतून आलेल्या मुलांना अंगाला अंग लागणे स्वाभाविक वाटते आणि क्रिकेटमधून आलेल्यांना प्रत्येक स्पर्श आक्रमण वाटतो; दोघांनाही ही रेघ खेळूनच सापडते, तेव्हा पहिले काही आठवडे धीर ठेवावा लागेल.

मुली बाहेर जाऊन बसल्या, याकडे मी तुमच्यापेक्षा अधिक गांभीर्याने पाहतो. ज्याच्यावर फाउल झाला त्यानेच सांगायचे, या नियमाची दुसरी बाजू अशी, की ज्याला बोलायची सवय नाही त्याच्यावरचा फाउल कधी नोंदलाच जात नाही. पंच असता, तर त्याने निदान शिट्टी वाजवली असती. ही अडचण खरी आहे आणि केवळ मुलींची नाही. प्रथम वर्षाचा मुलगा तृतीय वर्षाच्या मुलासमोर, किंवा खेड्यातून आलेला मुलगा शहरातल्या इंग्रजी बोलणाऱ्या मुलासमोर असाच गप्प राहतो. उपाय म्हणून मुलांना मुलींच्या वतीने कॉल करू देऊ नका, ते नियमात बसत नाही आणि त्याने सवयही लागत नाही. त्याऐवजी बोलायची वाक्येच ठरवून द्या आणि ती मराठीत द्या. “फाउल. तुमचा हात माझ्या मनगटाला लागला.” “मान्य.” “मान्य नाही, माझा हात आधी डिस्कला लागला.” “मला नीट दिसले नाही.” “डिस्क परत पाठवू.” एवढ्या पाच वाक्यांत बहुतेक वाद मावतात. कॉल करणारा आधी बोलेल, समोरचा त्याला मध्येच न तोडता ऐकेल आणि मग उत्तर देईल, हा क्रमही पाळायला लावा. मिश्र संघ खेळवत असाल, तर ही तयारी सामन्याच्या आधीच करून घ्यावी लागेल.

त्यासाठी आठवड्यातला एक सराव केवळ कॉलसाठी ठेवा, असे सुचवतो. चार-चार जणांचे छोटे संघ करा आणि फुटबॉलच्या मैदानाचा एक तुकडा आखून घ्या. पूर्ण मैदान शंभर मीटर लांब आणि सदतीस मीटर रुंद असते, त्याची या सरावाला गरज नाही. काळ्या मातीला भेगा पडल्यावर उडी मारून पडणे धोक्याचे असते, म्हणून हिवाळ्यात सकाळची वेळ निवडा. दुपारच्या वाऱ्यात डिस्क भरकटते आणि झेलांवरचे निम्मे वाद वाऱ्यामुळेच होतात. आधी ठरवून एका बचावपटूला हलका फाउल करायला सांगा, पण तो कोणत्या फेकीवर करायचा हे बाकीच्यांना कळू देऊ नका. कॉल झाला की खेळ थांबवा आणि दोघांना त्या पाच वाक्यांत विषय मिटवू द्या. डिस्क कोठे जाईल, मोजणी कितीपासून सुरू होईल आणि कोण कोठे उभा राहील, हे त्यांनीच सांगायचे. चुकले तर तुम्ही नियम सांगा, निर्णय मात्र देऊ नका. मग भूमिका बदला, म्हणजे आधी ज्याने फाउल केला त्याच्यावर आता फाउल होईल. दुसऱ्या बाजूने उभे राहिल्यावर तीच टक्कर किती वेगळी दिसते, हे मुलांना येथे प्रत्यक्ष कळते आणि समोरचा खोटेच बोलतो आहे, ही पहिली शंका बरीच कमी होते. बहुतेक वादांत दोघेही जे दिसले तेच सांगत असतात.

तुमची मैदानावरची जागाही मी येथेच सुचवली आहे. जागतिक अजिंक्यपद स्पर्धांतसुद्धा खेळाडू स्वतःच निर्णय घेतात. तेथे काही सामन्यांना गेम अ‍ॅडव्हायजर असतात, पण ते विचारल्यावर नियम सांगतात, वेळेवर लक्ष ठेवतात, आपले निरीक्षण देतात, निर्णय लादत नाहीत. तुम्ही तेच करा. वर्षभर शिट्टी वाजवून मग बाजूला होण्यात अडचण अशी, की त्या वर्षात मुले कॉलनंतर समोरच्या खेळाडूकडे न पाहता तुमच्याकडे पाहायला शिकतील आणि न दिसलेला फाउल म्हणजे न झालेला फाउल, ही समजूत पक्की होईल. ती नंतर पुसणे अधिक कष्टाचे असते. चिकित्सक विद्यार्थी विचारतील, की मग अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये पंच का आहेत? तेथे ते आहेत, हे खरे आहे आणि तसे सांगावे. प्रेक्षक आणि पैसा आला, की काहींनी निराळी वाट घेतली. महाविद्यालयीन खेळाला ती वाट घेण्याचे कारण नाही, कारण हा खेळ जन्मला तोच 1968 साली न्यू जर्सीतल्या मेपलवुड येथील कोलंबिया हायस्कूलच्या मुलांमध्ये, आणि तुमच्या विद्यार्थ्यांहून लहान असलेल्या त्या मुलांनी तो पंचाविनाच वाढवला.

राहता राहिले स्पिरिटचे गुण. सामना संपला की दोन्ही संघ एकत्र गोलात उभे राहून त्या सामन्याबद्दल बोलतात आणि त्यानंतर प्रत्येक संघ समोरच्या संघाला पाच बाबींवर शून्य ते चार गुण देतो. नियमांचे ज्ञान व वापर, फाउल व शरीरस्पर्श, निःपक्षपातीपणा, सकारात्मक वृत्ती व आत्मसंयम आणि संवाद, अशा त्या पाच बाबी आहेत. येथे तुमच्याकडे एक गोंधळ नक्की होईल. प्रत्येक बाबीत दोन म्हणजे सर्वसाधारण चांगला सामना, म्हणून एकूण दहा गुण ही योग्य आणि अपेक्षित गोष्ट आहे. आपली मुले वीसपैकी दहा पाहिले, की काठावर पास झाल्यासारखी खट्टू होतात आणि पुढच्या वेळी समोरच्यांना सौजन्य म्हणून सरसकट चार देऊन टाकतात. मग त्या कागदाला काही अर्थ उरत नाही. म्हणून सुरुवात दोनपासूनच करायला सांगा आणि वर किंवा खाली जायचे असेल, तर सामन्यातला एक प्रसंग लिहायला लावा. समजा, निळ्या संघाने दोन वाद शांतपणे मिटवले, त्यांच्या एका खेळाडूने आपल्याच सहकाऱ्याचा चुकीचा कॉल मागे घ्यायला लावला, पण मोजणीचा नियम त्यांना दोनदा समजावून सांगावा लागला. तर निःपक्षपातीपणाला तीन, नियमज्ञानाला एक आणि बाकी तिन्हींना दोन, असे एकूण दहाच होतात. हा दहा आकडा कोठून आला, हे निळ्या संघाला गोलात समोरासमोर सांगता आले पाहिजे. हरलेल्या संघाने रागात गुण देऊ नयेत, म्हणून पत्रक कर्णधाराने एकट्याने न भरता संघाने मिळून भरावे, आणि प्रत्येक संघाने स्पिरिटची जबाबदारी सांभाळणारा स्पिरिट कॅप्टन म्हणून कर्णधाराव्यतिरिक्त दुसरी व्यक्ती निवडावी. मागच्या आठवड्यात बाहेर जाऊन बसलेल्या मुलींपैकी एखादी ते काम घ्यायला तयार असेल, तर तिला आधी नियमपुस्तक वाचायला द्या आणि पहिल्या दोन सामन्यांत गोलात प्रथम बोलण्याची संधीही तिलाच द्या.